शेवटच्या महिन्याची फी, आणि मॅडमना सांगायचं कसं

“माझा मुलगा आठवीत आहे. गेल्या वर्षी १० जूनपासून एक मॅडम त्याला गणित आणि सायन्स शिकवायला घरी येतात. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. फी महिन्याला ३२०० रुपये. पहिली फी १० जुलैला दिली, पुढे मिस्टरांचा पगार झाला की ५ तारखेच्या आसपास देतो. आता १ डिसेंबरपासून त्याला राजारामपुरीतल्या एका क्लासला घालतोय. त्याचे दोन मित्र तिथं जातात आणि नववी-दहावीही तिथंच होईल. मॅडमबद्दल तक्रार काहीच नाही, म्हणूनच सांगायला जीभ रेटत नाही. ‘सध्या थोडे दिवस थांबवतोय, मग कळवते’ असं सांगावं असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, नोव्हेंबरची फी ५ तारखेला दिली, हिशोब संपला, उलट दिवाळीत दहा दिवस शिकवणी बंद होती तेही धरा. सासूबाई म्हणतात, पोरगी गुणाची आहे, एक चांगली साडी देऊया, पैशाचं बोलूच नको. मी काय करू?”
— एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ताई, आधी हिशोब बघू. तुमच्या घरात तो संपला असं सगळ्यांनी धरलंय, पण तुम्हीच दिलेल्या तारखा काही वेगळं सांगतात.

शिकवणी १० जूनला सुरू झाली आणि पहिली फी १० जुलैला गेली. म्हणजे महिना भरल्यावर फी, असं तुमचं ठरलेलं होतं. घरगुती शिकवणीचा महिना बहुतेक वेळा एक तारखेला सुरू होत नाही. ज्या तारखेला मास्तर पहिल्यांदा येतात तिथून तो मोजतात. तुमचा महिना १० ते ९ असा आहे. पुढे पगाराच्या सोयीनं फी ५ तारखेला जायला लागली, आणि महिन्याच्या सुरुवातीला दिलेले पैसे ‘या महिन्याचे’ वाटायला लागले. कुणाची लबाडी नाही यात, तारीख सरकली एवढंच. पण मॅडमच्या वहीत ते अजून मागच्याच महिन्याचे आहेत. ५ नोव्हेंबरला दिलेले ३२०० हे १० ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर या महिन्याचे. १० नोव्हेंबरपासून पुढचं सगळं देणं बाकी आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. गेल्या वर्षीच्या १० जूनपासून यंदाच्या ९ नोव्हेंबरपर्यंत सतरा महिने होतात. मोबाईलवरून पैसे पाठवत असाल तर तिथला इतिहास काढा, रोख देत असाल तर कॅलेंडरवर किंवा वहीत खूण असेल. सतरा वेळा फी गेली असेल तर मी म्हणते तसंच आहे. अठरा वेळा गेली असेल तर मधे कधीतरी एक महिना आगाऊ गेलाय आणि मिस्टरांचं बरोबर आहे. मे महिन्यात शिकवणी बंद ठेवून फीही दिली नसेल, तर दोन्हीकडून एकेक वजा करा. हे मोजणं मॅडमशी बोलायच्या आधी करा. कारण फी मागायला संकोच करणारी मुलगी ‘हिशोब संपला’ ऐकून गप्प बसेल, ‘हो हो, ठीक आहे’ म्हणेल, आणि तुम्हाला कधी कळणारही नाही की तिचे तीन आठवडे बुडाले.

आता आकडा. क्लास १ डिसेंबरला सुरू होतो आणि २९-३० नोव्हेंबर शनिवार-रविवार आहेत, म्हणजे मॅडमचा शेवटचा दिवस शुक्रवार, २८ नोव्हेंबर. १० ते २८ या तीन आठवड्यांत चार-चार प्रमाणे बारा तास बसतात. (शिकवणीत बैठकीला ‘तास’च म्हणतात, मग ती दीड तासाची का असेना.) महिन्याचे सोळा तास धरून फी ठरली असणार, म्हणजे एका तासाचे २०० आणि बारा तासांचे २४००. कुणी दिवसांवर गेलं, तीस दिवसांपैकी महिनाअखेरपर्यंतचे एकवीस, तर २२४० येतात. दोन्ही रीतींत फार फरक नाही. पण मोजायचेच असतील तर तास मोजा, दिवस नको, कारण ठरवताना तुम्ही आठवड्याचे चार तास ठरवले होते.

आणि माझा सल्ला विचाराल तर यातलं काहीच मोजू नका. पूर्ण ३२०० द्या.

तुमच्या मिस्टरांना हे पटायला हवं, म्हणून कारण सांगते. मी स्वतः काही वर्षं घरोघरी जाऊन शिकवलंय, त्यामुळे हे गणित मला बाहेरून नाही, आतून माहीत आहे. घरी जाऊन शिकवणाऱ्याला दिवसात विकायला वेळ फारच थोडा असतो. मुलं शाळेतून आल्यावर आणि जेवणाच्या आधी, साधारण साडेचार ते नऊ. त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरून तीन घरं बसतात, ओढूनताणून. सहाची वेळ त्यातली सगळ्यात मागणीची. साडेचारला मुलं खेळायला पळतात आणि आठनंतर पेंगतात. मॅडमनी ही वेळ सतरा महिने तुमच्यासाठी धरून ठेवली. मधे दुसऱ्या कुणी विचारलं असेल तर ‘सहाला जमणार नाही’ म्हणून सांगितलं असेल.

शिवाय नवीन विद्यार्थी मिळायचे दिवस ठरलेले असतात. पहिला मोसम जूनचा. दुसरा, त्याहून छोटा, सहामाहीचे पेपर घरी आले की. गणितात मार्क कमी पडले की आईबाप फोन फिरवतात. दिवाळीनंतर दुसरं सत्र लागलं की ती धावपळ ओसरत जाते. डिसेंबरात रिकामी झालेली सहाची वेळ पुष्कळदा पुढच्या जूनपर्यंत रिकामीच राहते. म्हणून या धंद्यात चांगली रीत अशी की शिकवणी बंद करायची तर महिनाभर आधी सांगायचं. तुमच्याकडे आता जेमतेम दोन आठवडे आहेत. उरलेल्या दिवसांचे म्हणून जे ८०० जास्त जातील, ते कमी मुदतीत सांगितल्याचे आहेत असं धरा. उपकार म्हणून देऊ नका आणि तसं बोलूनही दाखवू नका.

कायद्याचं म्हणाल तर तोंडी ठरलेलंही करारच असतो, १८७२ च्या भारतीय करार कायद्याला प्रत्येक व्यवहारासाठी कागद लागत नाही. पण ८०० रुपयांसाठी कसबा बावड्याच्या कोर्टाची पायरी कुणी चढत नसतं. म्हणून शिकवणीत शेवटचा शब्द नेहमी फी देणाऱ्याचाच राहतो. तो राहतो हे माहीत असणं पुरेसं आहे.

दिवाळीच्या दहा दिवसांचं बघू. मिस्टरांना एकच प्रश्न विचारा: गेल्या दिवाळीत कापले होते का? गणपतीत, शाळेच्या सहलीच्या वेळी, पोराला ताप आला तेव्हा? नसतील कापले, तर तुमच्या घराची रीत ‘महिन्याची फी’ अशी आहे, ‘तासाची’ नाही, आणि शेवटच्या महिन्यात नवा नियम निघत नाही. शिवाय त्या दिवसांची फी ५ तारखेला देऊन झाली आहे. दिलेल्या पैशातून मागे जाऊन वजाबाकी करायची नाही. (आणि एक बारीकशी गोष्ट. नव्या क्लासनं प्रवेशाच्या वेळीच पहिला हप्ता भरून घेतला असेल. तिथं कुणी विचारलं का हो, दिवाळीचे दिवस धरून का सोडून?)

मॅडम स्वतःच्या कामासाठी गैरहजर राहिल्या असतील तर तो हिशोब वेगळा. अशा सुट्ट्या रविवारी भरून दिल्या असतील तर विषय मिटला. नसतील आणि बऱ्याच साचल्या असतील, तर त्या महिन्यालाच बोलायला हव्या होत्या. शेवटच्या पाकिटातून कापायची ती जागा नव्हे. उलट बाजूनं, मॅडम दारात आल्या आणि तुमचं पोरगं मॅच बघायला गेलेलं होतं, असे दिवस असतीलच. ते तास त्यांच्या बाजूनं पूर्ण झालेले असतात.

एक देणं मात्र सगळेच विसरतात. सराव पेपरांची झेरॉक्स, एखादं गाईड, वर्कबुक मॅडमनी स्वतःच्या पैशानं आणलेलं असतं आणि शंभर-दोनशे मागायला त्यांना लाज वाटते. ‘तुमच्याकडून काही आणलेलं आहे का, सांगा’ असं तुम्हीच विचारा. आणि त्यांची पुस्तकं, कंपास, पेन ड्राइव्ह असं काय तुमच्या कपाटात पडलंय ते आधीच एका पिशवीत काढून ठेवा. शेवटच्या दिवशी शोधाशोध नको.

सासूबाईंच्या साडीला माझा विरोध नाही. त्यांनी त्या पोरीला ओळखलंय, तुम्हा दोघांपेक्षा जास्त. पण साडी फीच्या जागी येत नाही. साडी दिली की पैशाचं बोलायचं राहून जातं, आणि साडीनं कुणाच्या स्कूटरमधे पेट्रोल पडत नाही. फी आधी जाऊ द्या, वेगळी आणि सांगून. मोबाईलवरून पाठवलीत तर शेऱ्याच्या जागी ‘१० नोव्हेंबर ते ९ डिसेंबर, पूर्ण फी’ असं लिहा. तेवढ्या ओळीनं पुढचा सगळा गैरसमज मिटतो. रोख द्यायची तर त्यांच्यासमोर मोजून द्या, त्यांच्या वहीत टीप करायला सांगा. साडी किंवा जे काय असेल ते २८ तारखेला सासूबाईंच्या हातून, हळदीकुंकू लावून. मग ती खरी भेट राहते.

आता ज्याची तुम्हाला खरी धास्ती आहे ते.

‘थोडे दिवस थांबवतोय’ हे तुम्हाला मऊ वाटतं, कारण ते म्हणताना तुम्हाला त्रास होत नाही. ऐकणारीला मात्र ते महागात पडतं. तुम्ही परत बोलवाल म्हणून ती सहाची वेळ धरून ठेवेल, डिसेंबरात दुसऱ्या कुणी विचारलं तर ‘एक घर परत सुरू होणार आहे’ म्हणेल. आणि कोल्हापूर केवढं आहे? आठवड्याभरात तुमचा मुलगा सायकलला दप्तर अडकवून राजारामपुरीच्या गल्लीत दिसेल, किंवा त्याच क्लासला जाणारा त्यांचा दुसरा विद्यार्थी सांगेल. खरं कारण तर किती सरळ आहे! मित्र जातात, दहावीपर्यंतची सोय एका जागी होते. यात मॅडमचा अपमान कुठंच नाही. तो आहे असं तुम्ही धरून चाललाय, म्हणून लपवावंसं वाटतंय. आठवी-नववीला मुलं क्लासकडे वळतात हे घरोघरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

सांगायचं लवकर. येत्या सोमवारीच, शिकवणी झाल्यावर. आधी सांगितलंत तर पुढचा दीड तास त्यांना शिकवायचा आहे, तो अवघड होईल. मुलाला खाली पाठवा. मुलाच्या तोंडून निरोप तर अजिबात नको, आणि दारात चपला घालताना नको. बसवून, चहा पुढं ठेवून, दोन मिनिटांत. साधारण असं:

“मॅडम, एक सांगायचं होतं. याला १ डिसेंबरपासून राजारामपुरीत क्लासला घालतोय. मित्र जातात, आणि दहावीपर्यंतचं तिथंच होईल म्हणून ठरवलं. तुमच्या शिकवण्यात काही कमी होतं म्हणून नाही. २८ तारखेपर्यंत नेहमीसारखं चालू ठेवूया. आमचं सांगायला उशीरच झाला, म्हणून ९ डिसेंबरपर्यंतचा पूर्ण महिना धरून फी देतोय.”

एवढंच. फीचं वाक्य त्याच दमात घ्या. नाहीतर त्या दोन आठवडे मनात हिशोब करत शिकवतील. मॅडम घरी गेल्यावर तारीख आणि फी एवढं लिहून त्यांना एक मेसेज टाका, कारण धक्क्यात माणूस अर्धंच ऐकतं.

त्या कदाचित विचारतील, ‘माझं काही चुकलं का?’ तुम्ही तक्रार नाही म्हणता, मग ‘नाही’ म्हणा आणि एक खरी गोष्ट सांगा. सातवीत अपूर्णांकाला घाबरणारा आता स्वतःहून वही उघडतो, असं काहीतरी, जे तुम्ही पाहिलंय. कदाचित म्हणतील, ‘फी कमी करते, तीन दिवस येते.’ इथं मात्र ढिलं पडू नका. ‘विचार करते’ म्हणालात की परत तेच टांगणीला लावणं. ‘फीचा प्रश्नच नाही मॅडम, क्लासचं ठरलंय’ म्हणून मोकळ्या व्हा. ज्यांची खरंच तक्रार आहे अशा वाचकांना सांगते: एकच सांगा, सुधारता येण्यासारखी सांगा (‘गृहपाठ तपासला जात नव्हता’), आणि सतरा महिन्यांची यादी वाचू नका.

शेवटच्या दोन आठवड्यांचा उपयोगही करून घ्या. मॅडमना म्हणा, याचं कुठं पक्कं झालंय आणि कुठं कच्चं आहे ते अर्धं पान लिहून द्याल का. ‘बैजिक राशींचे अवयव येतात, पण चिन्हाची चूक होते, घातांकाचे नियम पाठ आहेत, वापरताना गोंधळतो’ असं. चाळीस मुलांच्या बॅचमधे हे कळायला नव्या सरांना परीक्षा उजाडेल. आणि शिकवणाऱ्याला आपलं निरीक्षण कुणाला तरी हवंय, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नसतं.

आभार मानायचे असतील तर आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. मॅडमना विचारा, ‘तुमचं नाव इतरांना सांगू का, आणि सहाची वेळ सांगू का?’ हो म्हणाल्या तर शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आणि पेठेतल्या दोन-चार घरांत सांगा: विषय, इयत्ता, वेळ, आणि तुमचा अनुभव. तुमच्या तोंडून गेलेलं नाव जाहिरातीपेक्षा जड असतं. जानेवारीत सहाला एखादं घर मिळालं तर तुमच्या साडीइतकंच ते लक्षात राहील.

तुमच्यासारख्याच इतरांसाठी दोन वेगळ्या वळणांचं थोडक्यात. फी आगाऊ देत असाल आणि महिन्याच्या मधे थांबवायचं असेल, तर त्या महिन्याचे उरलेले पैसे मागू नका. तीन महिन्यांची एकदम दिली असेल तर न सुरू झालेल्या महिन्यांची मागायला हरकत नाही, तीही तारीख सांगून, दोन हप्त्यांत चालेल म्हणून. आणि शिकवणारेच मधे सोडून गेले तर झालेल्या तासांचेच पैसे द्यायचे. तिथं पूर्ण महिन्याचा आग्रह लागू होत नाही, कारण वेळ त्यांनी सोडली, तुम्ही नाही.

मुलालाही यात घ्या. २८ तारखेला त्यानं स्वतः बोलावं, पाय धरायला लावून नव्हे, त्याच्या शब्दांत. पोरं अशा वेळी आतल्या खोलीत पळतात. आधी एकदा सांगून ठेवा म्हणजे पळणार नाही.

आणि ताई, क्लास त्याला मानवला नाही, असंही होऊ शकतं. मोठ्या बॅचमधे मागच्या बाकावर बसायला लागला, तर फेब्रुवारीत तुम्हाला मॅडमची आठवण येईल. आता खरं सांगून आणि हिशोब चुकता करून पाठवलंत तर तेव्हा फोन करायला तुम्हाला अवघड वाटणार नाही. फक्त सहाची वेळ आणि ३२०० ची फी तशीच असेल असं धरू नका. ‘कुठली वेळ मोकळी आहे आणि फी काय’ हे नव्यानं विचारा, आणि या वेळी महिना कुठल्या तारखेपासून आणि फी आधी की नंतर, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.